माजघरातला उजेड आणि ६६ तासांचं रेंडर

वाईजवळच्या एका गावातला जुना वाडा दुरुस्त करून तिथे पाहुण्यांच्या मुक्कामाची सोय करायची होती. बांधकामाला हात लागण्याआधी माजघर कसं दिसेल ते दाखवण्याचं काम माझ्याकडे आलं. मालकीणबाईंना दोन गोष्टी हव्या होत्या. एक, दारात लावायच्या फलकासाठी मोठं स्थिरचित्र. दुसरी, १० सेकंदांची चित्रफीत, जिच्यात कॅमेरा ओसरीवरून माजघरात शिरतो आणि समईपाशी थांबतो. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर २५० फ्रेम झाल्या. सोमवारी सकाळी १० वाजता त्यांच्याकडे बैठक होती.

शुक्रवारी संध्याकाळी ६ वाजता सीन पूर्ण झाला. त्रिमितीय चित्रांसाठी ब्लेंडर ४.२, रेंडरसाठी त्यातलंच सायकल्स, आणि १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० कार्ड. मधली एक फ्रेम १९२० बाय १०८० मध्ये काढून पाहिली, तिला १६ मिनिटं लागली. २५० गुणिले १६ म्हणजे ४००० मिनिटं, म्हणजे ६६ तास ४० मिनिटं. बैठकीला उरले होते ६४ तास, आणि फलकाचं चित्र त्याहून वेगळं.

माझा भाचा शेजारी बसून बघत होता. तो म्हणाला, "मावशी, सॅम्पल कमी कर आणि डिनॉइझर लाव, झालं की." चित्रातले दाणे, म्हणजे नॉइज, पुसणारा डिनॉइझर आधीच लावलेला होता. सॅम्पल, म्हणजे दर पिक्सेलला सोडायचे किरण, किती कमी करायचे, आणि ते कमी केल्यावर चित्रातून नक्की काय जातं, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. एवढ्या वर्षांत ते मी कधी मोजूनच पाहिलं नव्हतं. ती रात्र मी त्यालाच दिली.

सुरुवात कसोटीच्या चित्रापासून केली. तुलनेला काही नसेल तर "ठीक दिसतंय" यावरच सगळं चालतं, आणि थकलेल्या डोळ्यांना सगळंच ठीक दिसतं. त्या फ्रेममध्ये मला तीन जागांची धास्ती होती. पहिली, खिडकीच्या लाकडी जाळीची शहाबादी फरशीवर पडलेली सावली. दुसरी, खांबाच्या डोक्यावरचं कोरीव काम. तिसरी, अंधाऱ्या कोपऱ्यातलं पितळेचं घंगाळ, ज्यात खिडकीचं प्रतिबिंब दिसतं. कॅमेऱ्याच्या दृश्यात `Ctrl+B` दाबून प्रत्येक जागेभोवती चौकट आखली आणि तेवढाच भाग डिनॉइझरशिवाय, भरपूर सॅम्पल देऊन काढला. ही तीन तुकड्यांची चित्रं म्हणजे माझं माप. पुढचा प्रत्येक प्रयोग रेंडर विंडोच्या दुसऱ्या स्लॉटमध्ये ठेवायचा आणि `J` दाबून दोन्ही चित्रं एकाच जागी आलटून पालटून पाहायची. शेजारीशेजारी ठेवलेल्या चित्रांत जे कळत नाही ते अशा अदलाबदलीत लगेच कळतं, कारण जिथे फरक असतो तिथे चित्र हलतं.

भाच्याने सुचवलं की चाचण्या ५० टक्के रेझोल्यूशनवर घेतल्या तर चौपट लवकर होतील. मी दोनतीन तशा घेतल्या आणि तो मार्ग सोडून दिला. अर्ध्या रेझोल्यूशनला जाळीची एक काडी दीडदोन पिक्सेलची राहते. डिनॉइझरला ती पुरेशी दिसतच नाही आणि तो ती पुसून टाकतो. म्हणजे चाचणीत जो दोष दिसतो तो पूर्ण आकाराच्या चित्रात नसतोच. उलटही घडतं: पूर्ण आकारात दिसणारे बारीक डाग छोट्या चित्रात गडप होतात. प्रकाश आणि रचना बघायला छोटं चित्र चालतं. नॉइज आणि डिनॉइझर तपासायचा असेल तर आकार पूर्ण ठेवून चौकट लहान करावी. चौकट मात्र थोडी सैल आखावी, कारण कडेच्या पिक्सेलांना एका बाजूचे शेजारी नसतात आणि तिथे डिनॉइझरचं काम जरा कच्चं होतं.

आता १६ मिनिटं जातात कुठे ते बघायचं होतं. सायकल्स प्रत्येक पिक्सेलसाठी कॅमेऱ्यातून पुन्हा पुन्हा किरण सोडतं आणि त्यांची सरासरी घेतं. नॉइज सॅम्पलांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो, म्हणून दाणे निम्मे करायला सॅम्पल चौपट लागतात. ॲडाप्टिव्ह सॅम्पलिंग चालू असेल तर अंदाजे चूक `Noise Threshold` च्या खाली आली की तो पिक्सेल थांबतो. नाही आली तर `Max Samples` पर्यंत जातो. माझ्याकडे दोन्ही मूळचेच आकडे होते, ०.०१ आणि ४०९६. व्ह्यू लेयरच्या पासेसमध्ये `Debug Sample Count` नावाचा एक पास आहे. कोणत्या पिक्सेलने कमाल मर्यादेचा किती हिस्सा खाल्ला ते त्यात दिसतं. पांढरं म्हणजे पूर्ण, काळं म्हणजे लवकर थांबलेलं. तो पास लावून फ्रेम काढली तर ओसरीचा उन्हातला भाग करडा होता आणि अख्खं माजघर पांढरं. म्हणजे माजघरात थ्रेशोल्ड कुणालाच थांबवत नव्हता. ४०९६ सॅम्पल संपेपर्यंत तिथला प्रत्येक पिक्सेल धावत होता आणि तरीही स्वच्छ होत नव्हता.

अशा वेळी सॅम्पल कमी केले असते तर नॉइज तेवढाच वाढला असता. आधी तो येतो कुठून ते शोधायला हवं होतं.

कारण निघालं खिडकीची काच. मी खिडक्यांना खरी काच बसवली होती, जाडी असलेली, ग्लास शेडरची. पृष्ठभागावरचा एखादा बिंदू उजळतो की नाही हे ठरवायला सायकल्स तिथून थेट सूर्याकडे एक सावलीचा किरण सोडतं. वाटेत काही आडवं आलं नाही तर ऊन पोहोचलं, इतकं ते सोपं आहे. पण अपवर्तन करणारी काच या किरणाला भिंतीसारखी अडवते. मग ऊन आत यायचा एकच मार्ग उरतो: फरशीवरून कुठेतरी उडालेला किरण योगायोगाने काचेतून जाऊन नेमका सूर्यावर आपटला पाहिजे. असं फार क्वचित होतं, आणि झालं की तो एकच किरण प्रचंड उजेड घेऊन येतो. अंधाऱ्या भिंतीवर चमकणारे जे एकटेदुकटे पांढरे ठिपके दिसतात, ज्यांना फायरफ्लाय म्हणजे काजवे म्हणतात, ते हेच. माझं सगळं माजघर अशा योगायोगांवर उजळत होतं.

उपाय जुना आहे आणि इमारतींची चित्रं काढणाऱ्यांना ओळखीचा आहे. काचेच्या मटेरियलमध्ये ग्लास शेडर आणि ट्रान्सपरंट शेडर मिक्स करायचे, आणि मिक्सचा फॅक्टर लाइट पाथ नोडच्या `Is Shadow Ray` आणि `Is Diffuse Ray` यांतल्या मोठ्या किमतीवर ठेवायचा. कॅमेऱ्याला काच दिसते, तिच्यात प्रतिबिंबही दिसतं, पण सावलीच्या किरणाला ती नसल्यासारखीच असते. सपाट तावदानातून ऊन गेलं तर फरशीवर तसंही काही वेगळं उमटत नाही, त्यामुळे इथे काही गमावलं नाही. पाण्याचा पेला किंवा कंदिलाची गोल काच असती तर मी हे केलं नसतं, कारण तिथे काचेतून वळून पडणारा उजेड हेच बघण्यासारखं असतं.

फ्रेम ९ मिनिटांवर आली. त्यानंतर तिन्ही खिडक्यांच्या मापाचे एरिया लाइट आत तोंड करून बसवले आणि त्यांचं `Portal` चालू केलं. पोर्टल स्वतः उजेड देत नाही. आकाशाचा उजेड शोधताना कोणत्या दिशेला बघायचं तेवढं सांगतो. आकाश चहूबाजूंना पसरलेलं, आणि माजघराला तीन छोट्या खिडक्या. पोर्टल नसेल तर आकाशाकडे सोडलेले बहुतेक किरण भिंतीवरच आपटतात. पोर्टलने फ्रेम ७ मिनिटांवर आली. पुन्हा सॅम्पलांचा पास पाहिला तर माजघर आता करडं होतं, फक्त घंगाळाचा कोपरा आणि कोनाड्यांची आतली बाजू पांढरी. अजून गुणवत्तेच्या एकाही आकड्याला मी हात लावला नव्हता.

आता थ्रेशोल्ड. सॅम्पल चौपट केल्यावर चूक निम्मी होते, हेच उलटं वाचलं तर चूक दुप्पट चालवून घेतली की सॅम्पल पावपट लागतात. ०.०२ ला फ्रेम २ मिनिटं ४० सेकंदांत आली, ०.०४ ला १ मिनिट ५ सेकंदांत, ०.०८ ला ३२ सेकंदांत. बरोबर पावपट होत नाही, कारण काही पिक्सेल आधी कमाल मर्यादेलाच अडकलेले होते, आणि सीन कार्डावर चढवायला व डिनॉइज करायला लागणारी २० सेकंदं प्रत्येक फ्रेमला तशीच राहतात. म्हणून ०.०८ च्या पुढे जाण्यात काही अर्थच नव्हता. तिथे निम्म्याहून जास्त वेळ सॅम्पलांशिवायच्या कामात जात होता.

मग प्रत्येक चित्र कसोटीच्या तुकड्यांशी ताडून पाहिलं. ०.०८ ला खांबावरचं कोरीव काम जवळपास शाबूत होतं. मला वाटलं होतं तेच आधी जाईल. गेलं होतं ते दुसरंच: फरशीवरची जाळीची सावली. तिच्या नक्षीचे कोपरे गोलावले होते, आणि खिडकीपासून लांबच्या टोकाला दोन भोकांमधली काडी पुसून एकच पांढरट पट्टा झाला होता. घंगाळातलं खिडकीचं प्रतिबिंबही लोण्यासारखं वितळलं होतं.

डिनॉइझर काय बघून काम करतो ते कळलं की याचं उत्तर मिळतं. मी वापरत होते तो इंटेलचा ओपन इमेज डिनॉइज. त्याला नॉइज असलेलं चित्र तर जातंच, शिवाय दोन मदतनीस पास जातात. अल्बेडोमध्ये पृष्ठभागाचा स्वतःचा रंग असतो, उजेड आणि सावली वगळून. नॉर्मलमध्ये पृष्ठभाग कोणत्या दिशेला वळलाय ते असतं. हे दोन्ही पास फार थोड्या सॅम्पलांत स्वच्छ होतात, कारण त्यांना उजेड शोधायचा नसतो. `Denoising Data` चालू करून मी ते पास उघडून पाहिले. नॉर्मलमध्ये खांबाचं फूलन्फूल कोरल्यासारखं उमटलं होतं. अल्बेडोमध्ये शहाबादीच्या लाद्यांचे सांधे होते, लाकडाच्या रेषा होत्या. जाळीची सावली मात्र दोन्हींत कुठेच नव्हती, आणि असणार तरी कशी, फरशीचा रंग सावलीत बदलत नाही आणि ती वळतही नाही. घंगाळाचा पृष्ठभाग थोडा खरखरीत ठेवला होता, म्हणून तिथेही घंगाळाचा रंग आणि गोलाई तेवढी होती, आतलं प्रतिबिंब नव्हतं.

म्हणजे टेक्स्चर आणि आकार यांच्याबद्दल डिनॉइझरला पक्की खबर असते. सावल्या आणि प्रतिबिंबं त्याला दाणेदार चित्रावरूनच ओळखावी लागतात. माझ्या सीनमध्ये किती सॅम्पल लागतील हे कोरीव कामावर अवलंबून नव्हतंच. जाळीच्या सावलीतली सगळ्यांत लांबची काडी टिकते का, एवढंच बघायचं होतं. त्यानंतर मी बाकीचे दोन तुकडे बाजूला ठेवले. ०.०४ ला ती काडी शाबूत होती. `J` दाबून बघताना तिची कड किंचित मऊ झाल्याचं जाणवायचं, पण मूळ चित्र न दाखवता भाच्याला विचारलं तर त्याला काही वावगं दिसलं नाही.

डिनॉइझरच्या बाकीच्या खुणांबद्दल थोडं. `Passes` मध्ये `Albedo and Normal` आणि `Prefilter` मध्ये `Accurate` ठेवलं होतं. ॲक्युरेटमध्ये मदतनीस पास आधी स्वतःच स्वच्छ केले जातात. कॅमेऱ्याच्या फोकसबाहेरच्या भागात किंवा हलत्या वस्तूंवर हे पासही दाणेदार होतात, आणि तेच दाणे डिनॉइझर खरा तपशील समजून जपून ठेवतो. समोर झोपाळ्याची कडी फोकसबाहेर होती, तिच्यावर `None` आणि `Accurate` मधला फरक लगेच दिसला. डिनॉइज ग्राफिक्स कार्डावरच करायची सोय ब्लेंडर ४.१ पासून आहे, तीही चालू होती. काजव्यांसाठी `Clamping` मधला `Indirect Light` १० वर होता, तो तसाच ठेवला. कमी केला तर काजवे अजून मरतात, पण उडून आलेला उजेडही मरतो, आणि माजघराचा सगळा गोडवा त्या उजेडातच होता.

शनिवारी पहाटे मी ०.०४ वर खूश होते. सलग २४ फ्रेम काढून चालवून पाहिल्या आणि तो आनंद टिकला नाही. स्थिर फ्रेममध्ये निर्दोष दिसणारी चुन्याची भिंत चित्रफितीत उकळत होती. हातभर आकाराचे फिकट डाग जागच्या जागी येत होते, जात होते. प्रत्येक फ्रेमचा नॉइज वेगळा, आणि डिनॉइझर प्रत्येक फ्रेम स्वतंत्र सोडवतो. कुठे त्याचा अंदाज जरा उजळ जातो, पुढच्या फ्रेमला जरा गडद. एका फ्रेममध्ये हा फरक डोळ्याला कळत नाही, पण सेकंदाला २५ वेळा बदलला की तेवढंच दिसतं.

भाचा म्हणाला, "सीड बदलूच नकोस ना मग, नॉइज तोच राहील." सीडच्या शेजारच्या घड्याळाच्या खुणेने नॉइज फ्रेमगणिक बदलतो. ती बंद करून पाहिली. उकळणं थांबलं, पण त्याहून वाईट झालं. कॅमेरा पुढे सरकत होता आणि डाग पडद्यावर एकाच जागी चिकटून होते, जणू मळकट काचेतून वाडा बघतोय. कॅमेरा आणि वस्तू दोन्ही स्थिर असतील तरच ही युक्ती चालेल. खूण परत चालू केली.

मग सॅम्पल देणं हाच मार्ग उरला. ०.०२ ला भिंत पूर्ण शांत होती, ०.०३ ला २४ फ्रेम तीन वेळा चालवल्यावर एका कोनाड्यात अगदी हलकी थरथर सापडली. बैठकीतल्या टीव्हीवर ती दिसणार नाही याची खात्री करायला आमच्या टीव्हीवर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून पाहिलं. दिसली नाही. ०.०३ वर थांबले. तिथे फ्रेम ९५ सेकंदांची होत होती. `Persistent Data` चालू केल्यावर ८० वर आली, कारण वाडा तोच असताना प्रत्येक फ्रेमला सीन पुन्हा चढवायचं कारण उरलं नाही. २५० फ्रेमना साडेपाच तास.

रेझोल्यूशन कमी करून अजून वाचवता येईल का, हेही पाहिलं. ७५ टक्क्यांना, म्हणजे १४४० बाय ८१० ला, पिक्सेल ५६ टक्केच उरतात. ते १०८० पर्यंत ताणल्यावर भिंती, फरशी, खांब सगळं चाललं असतं. जाळी नाही चालली. कॅमेरा सरकताना तिच्या काड्यांच्या कडा लुकलुकत होत्या. सीनमध्ये बारीक, नियमित नक्षी नसेल आणि मोशन ब्लर असेल तर मी ७५ टक्क्यांचा विचार नक्की करेन. जाळी असेल तर नाही.

शेवटी जे ठरलं ते एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवलं, म्हणजे चुकून बदललेली खूण रात्रभर चालणार नाही:

```
import bpy
s = bpy.context.scene
s.render.resolution_x = 1920
s.render.resolution_y = 1080
s.render.resolution_percentage = 100
s.render.use_persistent_data = True
s.cycles.samples = 4096
s.cycles.use_adaptive_sampling = True
s.cycles.adaptive_threshold = 0.03
s.cycles.use_denoising = True
s.cycles.denoiser = 'OPENIMAGEDENOISE'
s.cycles.denoising_input_passes = 'RGB_ALBEDO_NORMAL'
s.cycles.denoising_prefilter = 'ACCURATE'
```

आता फलक. मालकीणबाईंच्या छपाईवाल्याने त्यांना ८के चित्र मागितलं होतं, म्हणजे ७६८० बाय ४३२०. ते माझ्या चित्रफितीच्या फ्रेमच्या १६ पट पिक्सेलांचं. मी त्यांना फोन करून फलक किती रुंद आणि लोक तो कुठून बघणार ते विचारलं. "सहा फूट रुंद आहे हो ताई, आणि मध्ये तुळशीवृंदावन आहे, त्यामुळे दोन मीटरच्या आत कुणी येणार नाही," त्या म्हणाल्या. चांगली नजर साधारण एका कलेचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा तपशील वेगळा ओळखते. दोन मीटरवर तो सुमारे ०.५८ मिलिमीटर होतो. सहा फूट म्हणजे १८३० मिलिमीटर. भागाकार करून येतात जवळपास ३१५० ठिपके. ३८४० रुंदीचं ४के चित्र पुरेसं होऊन वर उरतं. छपाईवाल्यालाही हा हिशेब पटला.

४के मध्ये अजून एक गोष्ट आपल्या बाजूने असते. पिक्सेल चौपट झाले तरी सॅम्पलही चौपट द्यावे लागतात असं नाही. सॅम्पल दर पिक्सेलला मोजले जातात, पण जाळीची एक काडी आता दुप्पट रुंद, म्हणजे चौपट पिक्सेलांवर पसरलेली असते. डिनॉइझरला तीच काडी ओळखायला चौपट पुरावा मिळतो. म्हणून १०८० मध्ये जो थ्रेशोल्ड चालतो त्याच्या दुप्पट ४के मध्ये चालवून बघायला हरकत नसते. एकूण सॅम्पल तेवढेच राहतात आणि कडा जास्त धारदार येतात. मी ०.०८ ला काढलेलं चित्र दीड मिनिटात झालं आणि दोन मीटरवरून त्यात खोट काढता आली नाही. तरी फलक वर्षभर तिथे राहणार, म्हणून ०.०४ ला काढलं: ३ मिनिटं ४० सेकंद. स्थिरचित्रात उकळण्याचा प्रश्नच नसतो, त्यामुळे चित्रफितीपेक्षा ढिला थ्रेशोल्ड इथे बिनधास्त चालतो. शुक्रवारच्या सेटिंगवर हेच चित्र तासाभराच्या वर गेलं असतं.

शनिवारी रात्री चित्रफीत लावली. फ्रेम थेट व्हिडिओत न काढता एकेक इएक्सआर फाइल म्हणून काढल्या, म्हणजे मध्येच वीज गेली तर झालेलं काम वाया जात नाही. व्हिडिओ करताना भिंतीवर अगदी बारीक, दिसेल न दिसेल असा ग्रेन मिसळला. डिनॉइज केलेली भिंत इतकी गुळगुळीत होते की व्हिडिओ दाबला जाताना तिच्या उतरत्या उजेडात पट्टे पडतात, ग्रेनने ते मोडतात.

रविवारी सकाळी भाचा चहाचा कप घेऊन माझ्या आधीच स्क्रीनसमोर बसला होता. "मावशी, १७३ बघ." समईच्या मागच्या कोनाड्यात काळपट डाग होता, तळव्याएवढा. १७० ते १८१ पर्यंत कमीजास्त होत राहायचा आणि मग नाहीसा व्हायचा. त्या फ्रेमचा सॅम्पलांचा पास काढला तेव्हा उलगडा झाला. सगळीकडे कोनाड्यांची आतली बाजू उजळ होती, तिथे मात्र काही पिक्सेल अगदी काळे, म्हणजे फार लवकर थांबलेले. समईच्या ज्योतीचा उजेड त्या जागी खांबाआडून, एकदा उडूनच पोहोचत होता. सुरुवातीच्या काही सॅम्पलांत तो सापडलाच नाही. सगळे किरण सारखेच अंधारे आले, म्हणून अंदाजे चूक जवळपास शून्य निघाली आणि पिक्सेल झाला समजून सोडून दिला गेला. शेजारच्या पिक्सेलांना उजेड सापडला होता. डिनॉइझरने ती सगळी गल्लत मिसळून डाग केला.

अशा वेळी थ्रेशोल्ड घट्ट करून फारसा उपयोग नाही, कारण दिसणारी चूकच शून्य आहे. `Min Samples` वाढवावे लागतात. ते शून्यावर होते, म्हणजे किती ते सायकल्स स्वतः ठरवत होतं. मी १२८ केले. डागाच्या दोन्ही बाजूंना थोडी जागा ठेवून १६० ते १९० एवढ्याच फ्रेम पुन्हा काढायच्या ठरवल्या. जुन्या फाइल आधी काढून टाकल्या, कारण `Overwrite` बंद होतं आणि असलेल्या फाइल ब्लेंडरने वगळल्या असत्या. वरची फाइल `fast.py` नावाने होती, तिच्यात एक ओळ वाढवली:

```
s.cycles.adaptive_min_samples = 128
```

आणि टर्मिनलमधून सोडलं. क्रम महत्त्वाचा, `-a` शेवटी:

```
blender -b wada.blend -P fast.py -s 160 -e 190 -a
```

फ्रेमला ८० ऐवजी ८८ सेकंद लागत होते. एकतीस फ्रेम ४५ मिनिटांत झाल्या. नवे आणि जुने जिथे जुळतात त्या १५९–१६० आणि १९०–१९१ या जोड्या `J` दाबून पाहिल्या, भिंतीच्या उजेडात कुठे उडी नव्हती. कोनाड्यात आता समईचा पिवळसर उजेड शांत पसरला होता, आणि जेवणाची वेळ व्हायच्या आत चित्रफीत तयार होती.